फोटोतला जोड कुठला?

२२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीचा पुरुषांच्या पोशाखांचा शो झाला. काही मॉडेलांच्या पायांत सपाट तळाच्या, अंगठा असलेल्या चपला होत्या. कंपनीने त्यांचे वर्णन ‘चामडी सँडल’ एवढेच केले होते. फोटो भारतात पोचले आणि लोकांनी नाव सांगून टाकले: ही तर आपली कोल्हापुरी! कोणी चप्पल हातात घेतली नव्हती, उलटी करून पाहिली नव्हती. महाराष्ट्रातल्या व्यापारी संघटनेने कंपनीला पत्र लिहिले आणि या चपलांमागे भारतातल्या पारंपरिक हस्तकलेची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. इथल्या कारागिरांकडून सुमारे २००० जोड करून घ्यायचे, असे त्यात ठरले.

म्हणजे फोटोवरून घेतलेले नाव बरोबर निघाले. पण त्या नावाने नेमके काय ओळखले गेले, हे पाहिले तर गोष्ट जरा वेगळी दिसते. लोकांनी ओळखला तो घाट, म्हणजे चपलेची ठेवण. ती चप्पल कोल्हापूर भागात झालेली नव्हती आणि तिचे कातडे कसे कमावले होते, ते फोटोत दिसत नव्हते. ‘कोल्हापुरी’ या एका नावात घाट, करण्याची रीत आणि जागा अशा तीन गोष्टी बसलेल्या आहेत. त्यांतली पहिली फोटोत बहुतेक वेळा पूर्ण दिसते, दुसरी अर्धीमुर्धी दिसते आणि तिसरी जवळजवळ कधीच दिसत नाही. फोटो पाठवून ‘हा कुठला प्रकार?’ असे विचारणाऱ्यांना एका शब्दात उत्तर हवे असते. घोळ तिथेच होतो.

एक उदाहरण घेऊन पाहू. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मित्राच्या मुलीने मला एका जोडाचा फोटो पाठवला. जुन्या वस्तूंच्या विक्रीत तिने तो पाहिला होता आणि विकणाऱ्याने खाली लिहिले होते, ‘ग्रीक सँडल, हाताने बनवलेली’. तिचा प्रश्न सरळ होता: “काका, हे कोल्हापुरीच आहे ना? मला घ्यायचंय, पण त्याला सांगायचंयसुद्धा की तू चुकतोयस.” फोटो वरून काढलेला होता. लाकडी जमिनीवर दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या, गडद तपकिरी, वापरलेल्या. तळाची बाजू दिसत नव्हती.

असा फोटो आला की सगळ्यांची नजर आधी अंगठ्याकडे जाते. अंगठा म्हणजे पायाचा अंगठा अडकवायचे चामड्याचे कडे. ते दिसले की आपण कोल्हापुरी म्हणून मोकळे होतो. पण एवढ्या पुराव्यावर नाव घेणे धोक्याचे आहे, कारण अंगठा जगात इतरत्रही आहे. ग्रीसमधल्या चामडी सँडलांच्या कित्येक नमुन्यांना असेच कडे असते. सौदी अरेबियाच्या नज्द भागातल्या पारंपरिक पादत्राणालाही अंगठा असतो आणि पायावरून जाणारा रुंद पट्टाही असतो. नवख्या माणसाने तो फोटो पाहिला तर तोही कोल्हापुरीच म्हणेल. म्हणून अंगठा पाहावा, पण त्यावर थांबू नये.

ज्यावर थांबावे ती खूण म्हणजे कान. चपलेच्या दोन्ही बाजूंना, पावलाच्या मधल्या भागापाशी, तळातून वर आलेले चामड्याचे दोन चपटे तुकडे असतात. त्यांना कान म्हणतात. पायावरचा आडवा पट्टा या कानांना जोडलेला असतो. पट्टा थेट तळात घुसत नाही, तो कानांवर पेललेला असतो. अंगठ्यापासून निघालेली वेणी किंवा अरुंद पट्टी मागे येऊन याच आडव्या पट्ट्याला मिळते. वरून पाहिल्यावर ही सगळी रचना ठळक दिसते. ग्रीक सँडलमध्ये पट्ट्या सहसा थेट तळाच्या थरांमध्ये जातात, बऱ्याचदा त्या संख्येने जास्त आणि अरुंद असतात, काही नमुन्यांत घोट्याभोवतीही एक पट्टी फिरते. तिथे कान हा वेगळा अवयव नसतो. नज्दच्या चपलेवर रंगीत भरतकामाचा सोस असतो आणि तिचा तळ जाड, पसरट असतो.

मित्राच्या मुलीने पाठवलेल्या फोटोत कान स्पष्ट होते. रुंद, खालच्या बाजूला पसरलेले आणि वापराने बाहेरच्या बाजूला किंचित कललेले. अंगठ्यापासून मागे तीन पदरी वेणी आली होती आणि आडव्या पट्ट्यावर ठशांची नक्षी होती. पायाला टेकतो त्या वरच्या तळावरही कडेने बारीक ठशांची ओळ होती. घाट कोल्हापुरीचा, यात शंका उरली नाही. ‘ग्रीक’ हे नाव तिथेच बाद झाले.

तसे त्या विक्रेत्याची फार चूक म्हणता येणार नाही. १९६० आणि ७०च्या दशकांत या चपला अमेरिकेत आणि युरोपात मोठ्या प्रमाणावर गेल्या. हिप्पी तरुणांनी त्या पायात घातल्या आणि तिथे त्यांना ‘वॉटर बफेलो सँडल’ असे नाव पडले. पाणम्हशीच्या कातड्याची म्हणून ते नाव. नव्या चपला पाण्यात भिजवायच्या आणि पायातच वाळू द्यायच्या, म्हणजे त्या पायाचा आकार घेतात, असा सल्लाही तिथे दिला जाई. आपल्याकडे मुरवण्यासाठी तेल लावतात आणि भिजवायला कोणी सांगत नाही. त्या काळातले कित्येक जोड आज तिथल्या माळ्यांवरून निघतात. त्यांच्यासोबत कोल्हापूर हा शब्द गेलाच नव्हता, त्यामुळे पुढच्या पिढीने वाटेल ते नाव दिले. फोटो देऊन इंटरनेटवर शोध घेतला तर सारख्या दिसणाऱ्या वस्तूंना विक्रेत्यांनी दिलेली नावे तेवढी समोर येतात. त्यातून रेक्झिनची चप्पलही कोल्हापुरी ठरते आणि खरी कोल्हापुरी ग्रीक ठरते.

घाट ठरला. आता रीत.

कोल्हापुरीचे कातडे वनस्पतींनी कमावलेले असते. चुन्याच्या पाण्यात टाकून केस काढलेले कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात. जुन्या पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून टांगत आणि त्यातच सालीचे पाणी भरत. ते पाणी कातड्यातून झिरपत राही आणि आतपर्यंत मुरे. या कामाला आठवडेच्या आठवडे लागतात. पूर्वी हे कमावण्याचे काम एक समाज करी आणि चप्पल शिवण्याचे काम दुसरा. दोन्ही कामांना हातांची सारखीच जाण लागते, पण नाव झाले ते शिवणाऱ्यांचे.

असे कमावलेले कातडे फोटोत ओळखायचे कसे? रंगावरून ओळखता येईल असे वाटते, पण रंगासारखा फसवा साक्षीदार दुसरा नाही. बाभूळ-हिरड्याचे नवे कातडे फिकट बदामी असते. ऊन, तेल आणि घाम लागत गेला की ते गडद होत जाते. एकाच कारागिराचे दोन जोड, एक दुकानातला आणि एक दहा वर्षे वापरलेला, शेजारी ठेवले तर दोन वेगळे प्रकार वाटतील. शिवाय पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो असेल तर सगळेच तपकिरी दिसते.

त्यापेक्षा कातड्याची कापलेली कड पाहावी. वनस्पतींनी कमावलेले कातडे कापले तर कडेला आतपर्यंत एकाच जातीचा तपकिरी रंग दिसतो. आजचे बरेचसे कातडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते काही आठवड्यांऐवजी एखाद्या दिवसात होते. त्याला वरून कसलाही रंग दिला तरी कापलेल्या कडेला बऱ्याचदा निळसर-राखाडी छटा दिसते. रेक्झिन असेल तर कडेला कापडाचे धागे दिसतात आणि पृष्ठभागावरची छिद्रे एकाच साच्यातून निघाल्यासारखी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात. अर्थात कडेवर रंगाचा हात फिरवलेला असेल तर ही खूण झाकली जाते. म्हणून जिथे चप्पल झिजली आहे किंवा कान दुमडला आहे तिथली कड पाहावी. तिथला रंग बहुतेक वेळा उडालेला असतो.

दुसरी खूण शिवणीची. कोल्हापुरीचा तळ जाड, सहसा म्हशीच्या कातड्याचा असतो. पायाच्या मापाचा नमुना ठेवून रापीने त्याचे थर कापतात. रापी म्हणजे रुंद पात्याचे कातडे कापायचे हत्यार. वरचा तळ आणि खालचा तळ यांच्यामध्ये कानांची खालची टोके घालतात, आरीने भोके पाडतात आणि चामड्याच्याच बारीक वादीने सगळे एकत्र शिवतात. अस्सल पारंपरिक चपलेत खिळा नसतो. टाचेचे थरही असेच शिवून बसवलेले असतात. वादीची शिवण फोटोत दिसते ती कडेने जाणाऱ्या जाडसर, चपट्या टाक्यांच्या ओळीसारखी. टाके सगळे सारखे नसतात. वळणावर ते जवळ येतात, सरळ बाजूला जरा लांब होतात. मशीनची शिवण बारीक आणि एकसारखी असते. दोऱ्यातल्या नायलॉनची चमकही मोठ्या फोटोत कळते.

तिसरी खूण म्हणजे जोडातला फरक. फोटोत दोन्ही चपला असतात हे बरेच, कारण एकीवरून जे कळत नाही ते दोघींच्या तुलनेत कळते. हाताने केलेल्या नक्षीत ठसे एका सरळ रेषेत असले तरी त्यांच्यातले अंतर किंचित इकडेतिकडे होते. डाव्या चपलेवर एका ओळीत जितके ठसे आहेत त्यापेक्षा उजवीवर एखादा कमी-जास्त असतो. एक कान दुसऱ्याहून बारीकसा उंच असतो. मात्र इथे फोटो काढणाऱ्याच्या कोनाचा हिशेब ठेवावा लागतो. फोन तिरका धरला तर जवळची चप्पल मोठी दिसते आणि नसलेला फरक दिसू लागतो. म्हणून मी अंतरे मोजत बसत नाही, ठसे मोजतो. कोन कसाही असला तरी ठशांची संख्या बदलत नाही.

न्यू जर्सीच्या फोटोत वरच्या तळावरच्या ठशांची संख्या दोन्ही पायांत जुळत नव्हती. वेणीचे पदर चपटे, हाताने ओढून बसवलेले होते. डाव्या कानाची कड झिजून उघडी पडली होती आणि ती आतूनही तपकिरीच होती. कडेच्या टाक्यांचा काही भाग वादीचा वाटत होता, पण पुढच्या बाजूला सावली पडल्यामुळे खात्री होत नव्हती. हाताचे काम आणि बहुधा वनस्पतींनी कमावलेले कातडे, इथपर्यंत एका फोटोने नेले.

तिसरा प्रश्न जागेचा. इथे बोलणाऱ्यांचा आत्मविश्वास आणि पुरावा यांच्यात सगळ्यात जास्त अंतर पडते.

जुन्या काळी या चपलांना गावांची नावे होती, असे सांगतात. कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीची ती कापशी, शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडची ती कुरुंदवाडी. पण आज दुकानात ‘कापशी’ मागितली तर ती कापशी गावातच शिवलेली असते असे नाही. रुंद कानांची, भारदस्त चप्पल या अर्थाने ते नमुन्याचे नाव झाले आहे. कोल्हापूर शहरातला कारागीर कापशी करतो आणि सीमेपलीकडचाही करतो. म्हणून फोटोवरून ‘कापशी’ म्हणायचेच असेल तर ‘कापशी नमुन्याची’ म्हणावे. कापशीची म्हणू नये. फरक एका अक्षराचा आहे असे वाटेल, पण पहिले विधान डोळ्यांनी तपासता येते आणि दुसरे येत नाही.

सीमेपलीकडची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. बेळगाव जिल्ह्यातले अथणी हे या चपलांचे फार मोठे केंद्र. निपाणीही त्याच पट्ट्यात येते. अथणीच्या कारागिरांचा हात नाजूक म्हणून नावाजलेला आहे. बारीक वेण्या, पातळ तळ आणि हलका जोड ही त्यांची खासियत मानतात. तिथे तयार झालेला माल वर्षानुवर्षे कोल्हापूरच्या दुकानांत येऊन कोल्हापुरी म्हणून विकला गेला आहे. मग तो कोल्हापुरी की नाही? २०१९ साली ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा कायद्याने याचे उत्तर दिले. या मानांकनात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार, असे आठ जिल्हे आहेत. मालकी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे संयुक्त आहे.

म्हणजे अथणीची चप्पल कायद्याने कोल्हापुरी. आणि पुण्यात किंवा मुंबईत, तेच कातडे आणून, तीच रापी आणि तीच आरी वापरून, कोल्हापूरहून स्थलांतर केलेल्या कारागिराने शिवलेली चप्पल कायद्याने कोल्हापुरी नाही. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर फरक दिसायचा नाही. मानांकन ही गोष्टच अशी आहे की ती वस्तूच्या रूपात नसते, तिच्या जन्मठिकाणात असते. त्यामुळे ते ओळखायला फोटो उपयोगाचा नाही. कागद लागतो, शिक्का लागतो, अलीकडे चपलांना क्यूआर कोड लावण्याचे सुरू झाले आहे तो लागतो. २०१९ पूर्वीच्या जोडांच्या बाबतीत तर हा प्रश्नच गैरलागू आहे. त्या वेळी हे मानांकन अस्तित्वात नव्हते.

कोल्हापुरात मी तो फोटो एका वयस्कर कारागिराला फोनवर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि पहिला शब्द काढला, “तळ दावा की.” तळाचा फोटो नाही म्हटल्यावर त्यांनी फोन परत दिला. “आपल्याकडचाच हाय. पर कुणी शिवला ते खालनं कळतं. वरनं समद्या सारख्याच.” अथणीचा की इकडचा, असे विचारले. ते हसले. म्हणाले, “वेणी बारीक हाय म्हणून अथणी म्हनशीला, तर आमच्या गल्लीतल्या बायकाबी एवढीच बारीक घालत्यात.”

या उत्तरात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे घरच्या घरी चालणाऱ्या या धंद्यात वेण्या घालण्याचे काम बहुतांशी बायकांचे असते, तळ कापणे आणि शिवणे पुरुषांचे. त्यामुळे वरचा भाग आणि खालचा भाग वेगवेगळ्या हातांचे असतात आणि वरच्या भागावरून तळाच्या हाताबद्दल बोलता येत नाही. दुसरी म्हणजे नाजूकपणा हे गावाचे लक्षण म्हणून सांगितले जात असले तरी तो पुरावा नव्हे. कल म्हणून ध्यानात ठेवावा, निकाल म्हणून सांगू नये.

तेव्हा मित्राच्या मुलीला मी आणखी फोटो मागितले. एक दोन्ही चपला उलट्या ठेवून, खालच्या तळाचा. एक बाजूने, फोन जमिनीच्या पातळीवर धरून, म्हणजे तळाचे थर मोजता येतील. आणि एक जिथे कान तळात जातो त्या जागेचा, अगदी जवळून आणि दिवसाच्या उजेडात. फ्लॅश नको म्हणून सांगितले, कारण फ्लॅशने कातड्यावर पांढरा चट्टा येतो आणि टाके हरवतात. शक्य असल्यास शेजारी मोजपट्टी ठेवायलाही सांगितले. फोटोत लहान मुलाची चप्पल आणि मोठ्या माणसाची चप्पल सारखीच दिसते.

तिने विक्रेत्याकडून ते मिळवले. बाजूच्या फोटोत वरचा तळ आणि खालचा तळ असे दोन थर आणि टाचेला आणखी दोन दिसले. कान दोन थरांच्या मधूनच वर आला होता. म्हणजे ग्रीक पट्टीसारखा नुसता अडकवलेला नव्हता, दोन्ही तळांबरोबर शिवलेला होता. वादीचे टाके आता स्पष्ट दिसत होते. पण उलट्या फोटोने एक नवीच गोष्ट दाखवली. खालच्या चामड्यावर पातळ काळ्या रबराचा थर चिकटवलेला होता आणि टाचेत चार बारीक खिळे होते.

खिळे दिसले की काहीजण लगेच ‘नकली’ म्हणतात. इथे ते घाईचे ठरले असते. रबराची कड चामड्याच्या कडेशी नीट जुळत नव्हती, पुढच्या बाजूला ती बोटभर आतच थांबत होती. करतानाच रबर लावले असते तर दोन्ही एकत्र कापले गेले असते. शिवाय खिळे फक्त रबरातून वर गेले होते आणि वादीची मूळ शिवण रबराच्या खाली दबली होती. म्हणजे हे नंतरचे काम. तळ झिजल्यावर किंवा अमेरिकेतल्या ओल्या फुटपाथवर घसरायला लागल्यावर कोणीतरी मोच्याकडून रबर मारून घेतले असावे. दुरुस्ती आणि बनावट यांतला फरक असाच थरांच्या क्रमातून कळतो: कोण कोणाच्या वर आहे, कोणी कोणाला झाकले आहे. उलट, खिळे थेट कानातून आणि वरच्या तळातून गेलेले असते आणि त्यांच्याखाली शिवणीची भोकेच नसती, तर ती खिळ्यांचीच चप्पल ठरली असती.

वयाचा अंदाज मात्र मी दिला नाही. मुलगी म्हणत होती, सत्तरच्या दशकातली असेल ना? शक्य आहे. गडद रंग आणि झिजलेला अंगठा त्याला पूरक आहेत. पण पाच वर्षे रोज वापरलेला जोडही असाच दिसतो. वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याचे वय रंगावरून सांगणे अवघडच. एखाद्या जुन्या दुकानाचा शिक्का, परदेशी दुकानाची चिठ्ठी किंवा निर्यातीच्या मालावरचा देशाचा छाप सापडला तर बोलता येते. इथे वरच्या तळावर टाचेपाशी एक छाप होता, पण तो पायाने घासून पुसला गेला होता. एक अंक तेवढा राहिला होता. बहुधा मापाचा.

एवढे झाल्यावर तिला जे वर्णन पाठवले ते असे: ‘कोल्हापुरी घाटाची चामडी चप्पल, एक जोड. अंगठा, दोन रुंद कान, तीन पदरी वेणी, आडव्या पट्ट्यावर आणि वरच्या तळावर हाताच्या ठशांची नक्षी. तळ चामड्याच्या वादीने शिवलेला. कातडे बहुधा वनस्पतींनी कमावलेले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातले काम असण्याची शक्यता मोठी. गाव ठरवता येत नाही. खालचे रबर आणि टाचेचे खिळे नंतरचे.’

तिला ते लांबलचक वाटले. “मी फक्त कोल्हापुरी लिहिते,” ती म्हणाली. रोजच्या बोलण्यात ते ठीकच आहे. पण विक्रीच्या पानावर, संग्रहालयाच्या नोंदीत किंवा हक्काच्या वादात ‘घाटाची’ हा शब्द गाळला की आपण न पाहिलेल्या जागेची साक्ष देऊन बसतो.

नाव बरोबर घेतले गेल्याने काय फरक पडतो, याचे एक जुने उदाहरण चपलांच्याच जगातले आहे. २०१४ साली पॉल स्मिथ या ब्रिटिश डिझायनरच्या दुकानात ‘रॉबर्ट’ नावाची एक चामडी सँडल सुमारे ३०० पौंडांना विकायला आली. एकमेकांवरून जाणारे दोन रुंद पट्टे आणि मागे बक्कल असा तिचा घाट होता. पाकिस्तानातल्या लोकांनी फोटो पाहून ती पेशावरी चप्पल असल्याचे ओळखले आणि आवाज उठवला. त्यानंतर तिच्या वर्णनात पेशावरी चपलेपासून प्रेरणा घेतल्याचा उल्लेख आला. किंमत तीच राहिली आणि चप्पल शिवणाऱ्यांच्या हातात त्यातून काही पडले नाही. फोटोवरून घाट ओळखला, घाटाचे श्रेय मिळाले. मिलानच्या प्रकरणात करारापर्यंत गाडी गेली, त्याला एक कारण हेही होते की इथे नावामागे नोंदवलेले मानांकन होते आणि बोलणी करायला दोन महामंडळे होती.

मित्राच्या मुलीने शेवटी तो जोड घेतला. विक्रेत्याने ‘ग्रीक’ काढून ‘भारतीय, कोल्हापुरी घाटाची’ असे लिहिले आणि किंमत दहा डॉलरने वाढवली.